मनगटाला प्लास्टर आहे, मग गेम कोणता खेळायचा? एका हाताने खेळता येणारे गेम आणि त्यांची मांडणी

पावसात गाडी घसरते, पडताना आपण सवयीने तळहात पुढे करतो आणि शरीराचं सगळं वजन मनगटावर येतं. एक्स-रे निघतो, डॉक्टर प्लास्टर घालतात आणि 'सहा आठवडे हात जपा' असं सांगून घरी पाठवतात.

पहिले दोन दिवस झोपेत आणि भेटायला येणाऱ्यांशी बोलण्यात जातात. तिसऱ्या दिवशी कंटाळा सुरू होतो. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं दिसत असतात, फोन शेजारीच असतो आणि मनात येतं, 'बोटं तर हलतायत, मग एक मॅच खेळायला काय हरकत आहे?'

हरकत आहे. ती का आहे, त्याऐवजी काय खेळता येतं आणि त्यासाठी फोन, लॅपटॉप किंवा पत्त्यांचा जोड कसा मांडायचा, ते या लेखात पाहू.

बोटं मोकळी आहेत, तरी खेळायचं का नाही?

बोटं हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांमध्ये नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात. तिथून दोरीसारखे स्नायुबंध निघतात आणि मनगटावरून बोटांपर्यंत जातात. म्हणजे तुम्ही अंगठ्याने स्क्रीन दाबता तेव्हा ओढ मनगटावरून जाते, अगदी जिथे हाड जुळतंय त्याच्या शेजारून.

तळहातावर पडल्यावर बहुतेकदा मोडतं ते रेडियस हाडाचं मनगटाजवळचं टोक. हे हाड अंगठ्याच्या बाजूला असतं. त्याचं प्लास्टर साधारण सहा आठवडे राहतं. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं असेल तर जास्त वेळ लागू शकतो, कारण त्याला रक्तपुरवठा कमी असतो. ऑपरेशन करून प्लेट बसवली असेल तर हालचाल लवकर सुरू करायला सांगतात. त्यामुळे तुमचं वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांचंच असेल.

इथे एक गोंधळ होतो. डॉक्टर सांगतात, 'बोटं हलवत राहा'. हे खरं आहे. बोटं आखडू नयेत आणि सूज उतरावी म्हणून मूठ हळूच उघडायची आणि मिटायची असते. पण बोटं मोकळी हलवणं आणि फोन घट्ट धरून तासभर अंगठा मारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात भार नाही, दुसऱ्यात पकड आहे, ताण आहे आणि तीच हालचाल शेकडो वेळा होते.

म्हणून प्लास्टर असेपर्यंत नियम सोपा ठेवा: दुखऱ्या हातात फोन, माऊस किंवा कंट्रोलर धरायचाच नाही. खेळ पूर्णपणे दुसऱ्या हाताचा.

गेम निवडायची कसोटी: तो तुमची वाट पाहतो का?

'एका हाताने खेळता येणारे गेम' असं शोधलं की शंभर नावांच्या याद्या येतात. त्यातले निम्मे गेम दहा मिनिटांत चिडचिड वाढवतात. कारण एका हाताने खेळता येणं आणि तुमच्या डाव्या, नवशिक्या हाताने खेळता येणं यात फरक आहे.

बीजीएमआयचं उदाहरण घ्या. डावा अंगठा चालवतो, उजवा अंगठा नेम धरतो आणि गोळी झाडतो, आणि हे सगळं एकाच वेळी होतं. बटणं कितीही इकडेतिकडे हलवली तरी दोन अंगठ्यांचं काम एका अंगठ्यावर येत नाही. काही जण जायरोस्कोप सुरू करतात, म्हणजे फोन तिरका केला की नेम हलतो. पण फोन तिरका करायचं काम मनगटच करतं, आणि आता तुमच्याकडे धड मनगट एकच आहे.

याउलट बुद्धिबळ बघा. तुम्ही चाल खेळेपर्यंत पट जागचा हलत नाही. दहा सेकंद घ्या किंवा दहा मिनिटं, हाताची चपळाई मोजली जात नाही. अशा गेमना टर्न-बेस्ड म्हणतात, म्हणजे आळीपाळीने खेळायचे.

म्हणून कोणताही गेम घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. मी हात पूर्णपणे बाजूला ठेवला तर गेम थांबतो का? आणि एका वेळी एकच बोट पुरतं का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर तो गेम तुमच्यासाठी आहे.

कॉम्प्युटरवर स्टीम वापरत असाल तर हे तपासायची सोय तयार आहे. काही गेमच्या पानावर सुलभतेची माहिती दिलेली असते. तिथे `Mouse Only Option` आणि `Playable without Timed Input` हे दोन शब्द शोधा. पहिल्याचा अर्थ, कीबोर्डशिवाय नुसत्या माऊसवर खेळता येतं. दुसऱ्याचा अर्थ, ठरावीक क्षणी बटण दाबायची सक्ती नाही. ही माहिती गेम बनवणारे स्वतः भरतात, त्यामुळे ती नसली म्हणजे गेम चालणारच नाही असं नाही.

उदाहरण: उजवं मनगट मोडलंय, समोर लॅपटॉप आहे

समजा तुम्ही उजव्या हाताचे आहात, उजव्याच मनगटाला प्लास्टर आहे आणि घरात साधा लॅपटॉप आहे. अशा वेळी 'स्ले द स्पायर' हा 2019 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला पत्त्यांचा गेम घेऊन पाहू. तो फोनवरही मिळतो.

आधी बसायची जागा. टेबलावर उजवीकडे उशी ठेवा आणि प्लास्टरचा हात तिच्यावर टेकवा, बोटं कोपरापेक्षा वर राहतील अशी. हात खाली लोंबकळत राहिला की सूज वाढते, प्लास्टर घट्ट वाटतं आणि ठणका सुरू होतो. लॅपटॉप थोडा डावीकडे सरकवा आणि माऊस डाव्या बाजूला घ्या.

आता माऊसची बटणं. विंडोज 11 मध्ये `Settings > Bluetooth & devices > Mouse` इथे जा आणि `Primary mouse button` मध्ये `Right` निवडा. आता डाव्या हाताच्या तर्जनीखालचं बटण मुख्य झालं. लॅपटॉप घरात सगळेच वापरत असतील तर हा बदल केला नाही तरी चालेल, फक्त क्लिक मधल्या बोटाने करावं लागेल. त्याच पानावर पॉइंटरचा वेग थोडा कमी करा. डावा हात सुरुवातीला बाण पुढे नेऊन टाकतो, हळू पॉइंटरने ते कमी होतं.

आता गेम. आयर्नक्लॅड हे पहिलं पात्र घ्या. प्रत्येक फेरीत हातात पाच पत्ते येतात आणि खर्चायला तीन एनर्जी मिळते. सुरुवातीचा मारायचा आणि बचावाचा पत्ता प्रत्येकी एका एनर्जीचा असतो, म्हणजे साधारण तीन पत्ते खेळून होतात. शत्रू पुढच्या फेरीत काय करणार, हे त्याच्या डोक्यावर आधीच दिसतं. तो किती मारणार आहे ते पाहायचं, मग किती मारायचं आणि किती वाचवायचं ते ठरवायचं. सगळी मजा या विचारात आहे, आणि विचाराला वेळेचं बंधन नाही.

हाताचं काम किती? पत्ता ओढत नेण्याची गरज नाही. पत्त्यावर एक क्लिक, शत्रूवर दुसरा क्लिक. तीन पत्त्यांचे सहा आणि फेरी संपवायचा एक, असे सात क्लिक. मग शत्रूची पाळी होईपर्यंत हात मोकळा. एवढं काम डाव्या हाताला पहिल्या दिवसापासून जमतं.

बटण दाबून ठेवून ओढण्याऐवजी दोनदा क्लिक करणं, ही युक्ती इतर गेममध्येही शोधा. नवख्या हाताला ओढणंच सर्वात कठीण जातं, लॅपटॉपच्या टचपॅडवर तर फारच. अर्ध्या वाटेत बोट सुटतं आणि भलतीच चाल होते.

मध्येच थांबायचं असेल तर मेनूतून सेव्ह करून बाहेर पडता येतं. लढाई अर्धवट असेल तर परत आल्यावर ती पहिल्यापासून सुरू होते, बाकी काही जात नाही. गोळीची वेळ झाली, हात ठणकला किंवा कुणी भेटायला आलं, तर गेम बिनधास्त बंद करता येतो. टीममेट ओरडत बसत नाहीत.

मोडलेलं मनगट डावं असेल तर चित्र उलटं होतं. माऊसचा प्रश्न नाही, पण चालण्यासाठीची `W`, `A`, `S`, `D` ही बटणं गेली. तेव्हा नुसत्या माऊसवर चालणाऱ्या गेमपुरतं थांबणं सर्वात सोपं.

फोनवर खेळायचं असेल तर

इथे धोका चांगल्या हाताला असतो. एकाच हाताने फोन धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने खेळायचं, म्हणजे करंगळी खालून वजन पेलते आणि अंगठा स्क्रीनच्या दुसऱ्या टोकापर्यंत ताणला जातो. जेवण, आंघोळ, दार उघडणं हेही आता त्याच हाताकडे आहे.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागलं आणि पाण्याची बाटली उचलताना कळ आली, तर स्नायुबंधांवर जास्त ताण पडत असल्याची ती खूण असू शकते. 'डी क्वेर्वेन' नावाचं दुखणं याच जागी होतं. हे नाव 1895 मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या स्विस सर्जनवरून पडलं आहे. आधीच एक हात अडकलेला असताना दुसरा गमावणं परवडणारं नाही.

उपाय फुकटचा आहे. फोन हातात धरू नका. स्टँडवर ठेवा, स्टँड नसेल तर गुंडाळलेल्या टॉवेलला टेकवा, आणि अंगठ्याऐवजी तर्जनीने खेळा. बोट आळीपाळीने बदललं तर आणखी बरं. वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली ठेवायचा, दोन्ही खांदे सैल करायचे आणि मग पुढची फेरी.

बुद्धिबळासाठी लिचेस हे संकेतस्थळ आणि ॲप पूर्ण मोफत आहे. त्याच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा. मोहरा ओढण्याऐवजी दोन घरांवर टॅप करून चाल खेळायचा पर्याय निवडा. चाल पक्की करण्याआधी एकदा विचारलं जावं, ही सोय सुरू करा, म्हणजे बोट घसरून वजीर फुकट जाणार नाही. आणि तीन मिनिटांच्या ब्लिट्झऐवजी करस्पॉन्डन्स प्रकार घ्या. त्यात एका चालीला काही दिवसांची मुदत मिळते. ब्लिट्झमध्ये डाव्या हाताने खेळणारा माणूस डाव चांगला असूनही घड्याळावर हरतो, आणि ते फार झोंबतं.

एकट्याने निवांत खेळायचं असेल तर 'मॉन्युमेंट व्हॅली' बघा. फोन उभाच ठेवून, नुसत्या बोटाने खेळायचं हे कोडं आहे आणि त्यात घड्याळ नाही. 'बलाट्रो' हा पोकरच्या हातांवर बेतलेला गेमही 2024 पासून फोनवर आहे, आणि तोही तुमची वाट पाहतो.

कंट्रोलरवरच खेळायचंय?

एका हाताने किंवा पायानेही चालवता येतील असे कंट्रोलर आहेत. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर 2018 मध्ये आला, सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर 2023 मध्ये. पण ते कायमस्वरूपी अडचण असलेल्यांसाठी बनवलेले आहेत. आपल्या गरजेनुसार बटणं जोडायची, मांडणी बसवायची आणि सराव करायचा, यातच तुमचे सहा आठवडे निघून जातील. त्यावर पैसे घालवू नका.

त्यापेक्षा घरातल्या भावंडाला गाठा. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन 5 या दोन्हींवर दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूसारखे वापरता येतात. म्हणजे चालवायचं काम बहिणीकडे आणि नेम धरायचं तुमच्याकडे. फक्त तुमचा कंट्रोलर टेबलावर किंवा मांडीवर टेकवलेला असू द्या. घरात निन्टेन्डो स्विच असेल तर 2018 चे 'पोकेमॉन लेट्स गो' हे दोन गेम एकाच जॉय-कॉनवर, एका हाताने खेळता येतात.

आणि पत्ते?

घरात सगळे बदाम सात किंवा झब्बू खेळत असताना बघत बसायची गरज नाही. अडचण फक्त दोन ठिकाणी येते: पत्ते धरणं आणि पिसणं.

धरण्यासाठी कपडे घासायचा नवा किंवा स्वच्छ ब्रश घ्या आणि दाते वर करून टेबलावर ठेवा. दातांच्या फटीत पत्ते उभे राहतात. तोंड तुमच्याकडे, पाठ बाकीच्यांकडे. एक ब्रश पुरत नसेल तर दोन शेजारी ठेवा. झब्बूत हात फार मोठा होतो, तेव्हा रंगाप्रमाणे दोन ओळी केल्या तर पान पटकन सापडतं.

पिसायची पाळी आली की सगळे पत्ते चादरीवर उपडे पसरा, एका हाताने गोल गोल कालवा आणि गोळा करा. पिसणारा कोणीही असो, उतारी तुमचीच.

कॅरम मात्र थोडा थांबवा. स्ट्रायकर दुसऱ्या हाताने मारता येतो, पण नेम घेताना माणूस पुढे वाकतो आणि नकळत प्लास्टरच्या हातावर रेलतो.

प्लास्टर निघाल्यावर लगेच जुना गेम?

प्लास्टर निघालं म्हणजे मनगट पूर्ववत झालं असं नाही. ते आखडलेलं असतं, पकड कमी झालेली असते आणि तळहात आकाशाकडे वळवणं बऱ्याच जणांना जड जातं. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम आधी, गेम नंतर.

डॉक्टरांनी हात वापरायची परवानगी दिली की टेबलावर सपाट ठेवलेल्या टॅबवर किंवा फोनवर टॅप करण्यापासून सुरुवात करा. त्यात धरायचं काही नसतं. मग माऊस, पण हात कोपरापर्यंत टेबलावर टेकलेला हवा. दोन्ही हातांनी घट्ट धरायचा कंट्रोलर किंवा आडवा फोन सर्वात शेवटी.

सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. खेळताना गरम झालेला हात बरा वाटतो, खरं काय ते झोपून उठल्यावर कळतं. सकाळी सूज किंवा दुखणं आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर वेळ निम्मा करा. नसेल तर पाच मिनिटं वाढवा.

कधी गेम बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठायचं?

प्लास्टर असताना वेदना कमी व्हायच्याऐवजी वाढत असतील, बोटं बधिर झाली, पांढरी-निळी किंवा गार पडली, किंवा हात उंच ठेवूनही प्लास्टर आवळल्यासारखं वाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात जा.

आणखी एक खूण फारशी कुणाला माहीत नसते. रेडियस मोडल्यावर काही आठवड्यांनी, कधी हाड जागचं हललेलं नसतानाही, अंगठा वर उचलणारा स्नायुबंध झिजून तुटू शकतो. हे क्वचित होतं आणि ते गेम खेळल्यामुळेच होतं असं नाही. प्लास्टर निघालेलं असेल तर तळहात टेबलावर सपाट ठेवा आणि फक्त अंगठा वर उचला. काल उचलत होता आणि आज अचानक उचलत नसेल, तर तो आखडलेपणा समजून व्यायाम वाढवत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तोपर्यंत डावा हात आहे, उशीवर टेकवलेला उजवा हात आहे आणि तुमच्या चालीची वाट पाहणारा पट आहे. बीजीएमआयचा सीझन पुन्हा येईल.